चित्र एक, भाषा अनेक

आमच्या शेजारच्या आजींना प्राण्यांचा चॅनेल फार आवडतो. संध्याकाळी शेंगा फोडत त्या वाघ, हत्ती, मगरी बघत बसतात. एके दिवशी टीव्हीतला माणूस एकदम तमिळ बोलू लागला. चित्र तेच, वाघही तोच. पण शब्द म्हणून कळेना!

"टीव्ही बिघडला रे बाबा," आजी म्हणाल्या. मुलाने तालुक्याला मेकॅनिककडे फोन लावला. तो म्हणाला, "उद्या येतो. फेरीचे 200 रुपये पडतील."

आम्ही जाऊन पाहिले. टीव्ही चांगला होता. खेळता खेळता नातवाच्या हातून रिमोटचे एक बटण दाबले गेले होते, एवढेच.

असे का होते, ते पाहू. या चॅनेलवाले एकच चित्र दाखवतात. पण त्याची माहिती चार-पाच भाषांत वेगवेगळी बोलून घेतात. याला डबिंग म्हणतात. वाघाची डरकाळी आणि वाजंत्री बहुधा तीच राहते, फक्त माणसाचे बोलणे बदलते. छत्रीवर चित्र एक येते आणि त्याच्याबरोबर हे सगळे आवाज येतात. एका एस.टी.तून चार गावचे उतारू यावेत, तसेच हे. आपला बॉक्स त्यांतला एकच आवाज टीव्हीला देतो. कोणता द्यायचा, ते आपण रिमोटने सांगायचे.

आता रिमोट कोणता? घरात दोन असतात, एक टीव्हीचा आणि एक बॉक्सचा. ज्याने आपण चॅनेल बदलतो, तो बॉक्सचा. तोच घ्यावा. टीव्हीच्या रिमोटने हे काम होत नाही, कारण टीव्हीपर्यंत एकच आवाज पोचलेला असतो.

या रिमोटवर AUDIO किंवा LANG असे लिहिलेले बटण शोधा. काही रिमोटवर ते नसते. मग MENU दाबून आत AUDIO हा शब्द शोधावा लागतो.

आजींच्या रिमोटवर AUDIO होते. चॅनेल चालू ठेवून आम्ही ते दाबले. पडद्यावर यादी आली:

ENG
HIN
TAM
TEL

ही भाषांच्या नावांची पहिली तीन अक्षरे. ENG म्हणजे इंग्रजी, HIN म्हणजे हिंदी, TAM म्हणजे तमिळ, TEL म्हणजे तेलुगू. TAM आणि TEL दोन्ही T ने सुरू होतात, म्हणून दुसरे अक्षर पाहावे. मराठीला MAR लिहितात आणि मलयाळमला MAL. इथे शेवटचे अक्षर पाहावे. R असेल तर आपली मराठी.

TAM वर खूण होती. बाणाच्या बटणाने आम्ही खूण HIN वर नेली आणि OK दाबले. क्षणभर आवाज बंद झाला. घाबरू नये, बॉक्स आवाज बदलत असतो. मग हिंदी ऐकू आली. आजी हसल्या!

कधी यादीत नावे नसतात, नुसते 1, 2, 3 असे आकडे असतात. कधी नाव एक आणि आवाज दुसराच, असेही होते. कारण नावाची पाटी चॅनेलकडूनच चुकीची येते. अशा वेळी एकेक लावून कानाने ऐकावे.

आजींनी विचारले, "मग मराठी का नाही लागत?" यादीत MAR नव्हते. चॅनेलवाल्यांनी मराठी आवाज पाठवलाच नाही, तर कोणतेही बटण दाबून तो येणार नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत.

आणखी एक फसगत होते. MENU मध्ये भाषेच्या दोन जागा असू शकतात. एका जागी पडद्यावरच्या अक्षरांची भाषा बदलते. दुसऱ्या जागी AUDIO लिहिलेले असते, तिथे आवाजाची भाषा बदलते. आपल्याला दुसरी हवी. तिथे HIN कायमची ठेवता आली, तर बॉक्स बंद करून पुन्हा लावल्यावरही बहुधा हिंदीच येते. नाहीतर काही बॉक्स पुन्हा पहिल्या भाषेवर जातात.

मोबाइलवर सिनेमा पाहताना पडद्यावर एकदा बोट टेकवावे. तिथेही Audio हा शब्द सापडतो. शेजारी Subtitles असते. ती खाली येणारी अक्षरे. त्यांनी आवाज बदलत नाही.

आम्ही निघताना आजींनी रिमोट हातात घेतला. मुद्दाम TAM लावले, मग स्वतःच HIN वर आणले. नंतर मुलाला म्हणाल्या, "त्या मेकॅनिकला सांग, येऊ नको म्हणावं."