लेझरची तरंगलांबी आणि दोन फटींमधली शंका

पनवेलच्या एखाद्या महाविद्यालयात बी.एस्सी.चा विद्यार्थी लाल लेझर दोन बारीक फटींवर सोडतो. समोरच्या पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटतात. फटींमधले अंतर गुणिले पट्ट्यांमधले अंतर, भागिले फटींपासून पडद्यापर्यंतचे अंतर, म्हणजे तरंगलांबी.

समजा, फटींमधले अंतर ०.२५ मिमी आहे आणि पडदा २ मीटरवर. अकरा उजळ पट्ट्यांमधल्या दहा अंतरांची बेरीज ५२ मिमी भरली, म्हणजे एक अंतर ५.२ मिमी. उत्तर ६५० नॅनोमीटर.

पण खात्री किती? पडद्याच्या अंतरात ५ मिमीची चूक म्हणजे पाव टक्का. पट्टे मोजण्यात अर्ध्या मिमीची चूक म्हणजे एक टक्का. फटींचे अंतर मात्र चल सूक्ष्मदर्शीने ०.०१ मिमीपर्यंतच कळते, म्हणजे चार टक्के. टक्क्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की एकूण साधारण ४.१ टक्के येतात, म्हणजे ६५० ± २७. पडद्याचे अंतर कितीही जपून मोजले तरी हा आकडा हलत नाही. पट्टे पुन्हा पुन्हा मोजूनही फारसा फरक पडत नाही, कारण फटींची चूक प्रत्येक वाचनात तशीच राहते. वाचने एकमेकांशी छान जुळतात आणि सगळीच एका बाजूला सरकलेली असतात.

माझ्या मते उत्तम उपाय असा: फटी आणि पडदा न हलवता ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर लावावा. त्याची दहा अंतरे ५०.६ मिमी भरली, तर आपल्या लेझरची तरंगलांबी ६३२.८ × ५२ ÷ ५०.६, म्हणजे पुन्हा ६५०. फटींचे आणि पडद्याचे अंतर भागाकारात निघून गेले. उरली फक्त पट्टे मोजण्यातली चूक, सुमारे ± ९ नॅनोमीटर.