आरसीवर सीएनजी चढला, पॉलिसीवर चढला का?

कारच्या विमा पॉलिसीत आयडीव्हीचा, म्हणजे गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीचा, एक छोटा तक्ता असतो. त्यात गाडीच्या किमतीशेजारी सीएनजी किंवा एलपीजी किटचा वेगळा रकाना असतो. बाहेरून किट बसवलं आणि त्या रकान्यात शून्यच राहिलं, तर विमा कंपनीच्या लेखी गाडी अजून निव्वळ पेट्रोलचीच.

माझ्या शेजाऱ्यांना हे उशिरा कळलं. आठ महिन्यांची पॉलिसी शिल्लक असताना त्यांनी ५० हजारांचं किट बसवलं आणि आरटीओत नोंद केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे फेरफार केल्यावर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यासाठी किटचं बिल, बसवणाऱ्याचा दाखला, किटचं टाइप अप्रूव्हल आणि सिलिंडरच्या चाचणीचा दाखला लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्रही मागतात. सिलिंडरच्या मानेजवळ ठोकलेला नंबर दाखल्यावरच्या नंबराशी घरीच ताडून पाहावा, कारण एका आकड्याची चूक असली तरी तपासणीत अडकायला होतं. पुढे आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ झालं आणि शेजारी निश्चिंत झाले.

पण आरटीओतली नोंद आपोआप विमा कंपनीकडे जात नाही. तिकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो चार ओळींचा असला तरी चालतो: ‘माझ्या अमुक नंबरच्या कारला अमुक तारखेला ५०,००० रुपयांचं सीएनजी किट बसवलं आहे. पॉलिसीत त्याची नोंद करून जादा हप्ता कळवावा. नवी आरसी, बिल आणि बसवणाऱ्याचा दाखला सोबत जोडला आहे.’ काही कंपन्या गाडी समक्ष किंवा फोटोंवरून पाहतात.

जुन्या मोटार टॅरिफचा हिशेब धरला, तर स्वतःच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीच्या ४ टक्के म्हणजे २,००० रुपये आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, असे वर्षाला २,०६० होतात. आठ महिन्यांचे त्या प्रमाणात सुमारे १,३७३ आणि वर १८ टक्के जीएसटी. एकूण १,६२० रुपयांच्या आसपास. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक थोडा बदलतो. एवढ्यासाठी माणसं टाळाटाळ करतात, याचं मला नवल वाटतं. कारण गाडीला आग लागली आणि सर्व्हेअरला डिकीत नोंद नसलेला सिलिंडर दिसला, तर किटचे पैसे मिळत नाहीतच, शिवाय ‘बदल कळवला नाही’ म्हणून गाडीचाही दावा अडतो.

पैसे भरले की एन्डॉर्समेंटचा कागद येतो. त्यावर किटची किंमत बरोबर आहे का ते बघावं आणि ‘लागू तारीख’ही वाचावी. संरक्षण त्या तारखेपासून सुरू होतं, किट बसवल्या दिवसापासून नाही. शेजाऱ्यांच्या कागदांत या दोन तारखांमध्ये पाच आठवड्यांचं अंतर होतं, आणि त्या काळात ते दोनदा कोकणात जाऊन आले होते.