परीक्षेचा पेपर, फॉन्ट आणि पालकांचा अर्ज

बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीसारख्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकणारी एक मुलगी आहे, असे समजू. तोंडी विचारले की ती सगळे सांगते, गणिताचे उदाहरण मनात सोडवते. पण कागदावरचा प्रश्न वाचताना अडखळते, ओळ चुकते, ‘भरणे’चे ‘मरणे’ वाचते. तज्ज्ञांनी तपासून डिस्लेक्सिया असल्याचे सांगितले. वडिलांनी कुठेतरी ऐकले की अशा मुलांसाठी खास फॉन्ट असतो, आणि ते मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला बसले: ‘माझ्या मुलीचे पेपर डिस्लेक्सिया फॉन्टमध्ये छापून द्यावेत.’

अर्ज करायलाच हवा. पण एवढ्याच ओळीचा अर्ज शाळेत गेला तर तो बहुधा तिथेच थांबेल, कारण त्यात मागितलेली वस्तू मराठीत मिळत नाही.

ज्यांची नावे नेहमी घेतली जातात ते फॉन्ट दोन. नेदरलँड्सच्या ख्रिस्तियान बूर यांनी 2008 मध्ये केलेला ‘डिस्लेक्सी’ आणि आबेलार्दो गोन्सालेस यांनी 2011 मध्ये मोफत खुला केलेला ‘ओपनडिस्लेक्सिक’. दोन्हींत अक्षरांचा तळ जाड ठेवला आहे, म्हणजे अक्षर उलटे-पालटे भासू नये अशी कल्पना. दोन्ही रोमन लिपीसाठी आहेत. ओपनडिस्लेक्सिकमध्ये देवनागरी नाही, कन्नडही नाही. सीमाभागातली ही मुलगी मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषा तीन लिप्यांत वाचते. तिच्या शाळेने तो फॉन्ट उतरवून घेतला तरी तो फक्त इंग्रजीच्या पेपरला चालेल, आणि परिसर अभ्यासाचा पेपर होता तसाच राहील.

बरे, इंग्रजीच्या पेपरला तरी त्याने वाचन सुधारते का? इथे दुसरा, जास्त खोलवर रुजलेला गैरसमज आहे. डिस्लेक्सियात अक्षरे डोळ्यांना उलटी दिसतात, असे पुष्कळांना वाटते, आणि खास फॉन्टची सगळी कल्पना याच समजुतीवर उभी आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुलांची मूळ अडचण डोळ्यांत नसून अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पटकन घालण्यात असते. ‘भ’ आणि ‘म’ ती दोन वेगळ्या आकृत्या म्हणून ओळखू शकतात. वाचनाच्या वेगात त्या आकृतीचा योग्य आवाज हाताशी येत नाही. देवनागरीत यात भर पडते. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, रफार अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षरात अर्धी अक्षरे एकमेकांत मिसळलेली. अक्षराचा तळ जाड केल्याने यातले काहीच सुटत नाही.

प्रयोगांतही हेच दिसले. नेदरलँड्समध्ये डिस्लेक्सिया असलेल्या 170 मुलांना डिस्लेक्सी आणि एरिअल अशा दोन्ही फॉन्टमध्ये वाचायला दिले. खास फॉन्टने त्यांचा वेग वाढला नाही, चुकाही कमी झाल्या नाहीत. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात वाचनात मागे पडलेल्या 39 मुलांवर झालेला प्रयोग याहून बोलका आहे. तिथे डिस्लेक्सी फॉन्टमध्ये मुले एरिअलपेक्षा मिनिटाला 7 टक्के जास्त शब्द वाचत होती. मग संशोधकांनी एरिअलची अक्षरे आणि शब्द तेवढेच मोठे आणि तेवढेच मोकळे करून पाहिले, आणि फरक नाहीसा झाला. फायदा आकृतीचा नव्हता, मोकळ्या जागेचा होता.

मोकळ्या जागेबद्दलचा सर्वांत ठळक पुरावा 2012 चा आहे. इटलीतली 34 आणि फ्रान्समधली 40 डिस्लेक्सिक मुले साध्या टाइम्स फॉन्टमधला 14 पॉइंटचा मजकूर वाचत होती. अक्षरांमधले अंतर अडीच पॉइंटने वाढवले, आणि कोणत्याही सरावाविना मुलांचा वेग 20 टक्क्यांहून जास्त वाढला. गर्दीत शेजारची अक्षरे मधल्या अक्षराच्या ओळखीत अडथळा आणतात, आणि काही मुलांना हा अडथळा इतरांपेक्षा जास्त जाणवतो, असा त्याचा खुलासा. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात इतका मोठा फरक आढळला नाही, आणि सगळ्या मुलांना तो होत नाही, हेही पालकांनी धरून चालावे. तरीही दाटीवाटीने छापलेल्या पेपरापेक्षा मोकळा पेपर मागणे याला आधार आहे. खास फॉन्टला तो जवळजवळ नाही.

मात्र युरोपातला उपाय देवनागरीला जसाच्या तसा लावता येत नाही. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. टाइप करताना अक्षरांमधले अंतर वाढवले की अनेकदा शिरोरेषा तुटते, काना अक्षरापासून सुटतो आणि शब्द आणखी अनोळखी होतो. म्हणून मराठी पेपरात अक्षरांमधले अंतर तसेच ठेवावे. दोन शब्दांमधली जागा, दोन ओळींमधले अंतर आणि अक्षराचा आकार एवढेच वाढवावे. दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन वेळा स्पेस दाबणे हे कोणत्याही टायपिस्टला जमते. ओळींमधले अंतर दीडपट ठेवावे. मजकूर डाव्या बाजूला सरळ आणि उजवीकडे सुटा असावा, कारण दोन्ही बाजू जुळवल्या की शब्दांमधली जागा प्रत्येक ओळीत कमी-जास्त होते. तिरपा ठसा नको. शब्दांखाली रेघही नको, ती उकारांना चिकटते. मुखपृष्ठासाठी असतात तसे नक्षीदार फॉन्ट टाळून सारख्या जाडीच्या रेषांचा फॉन्ट घ्यावा. मराठीसाठी मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी आणि कन्नडसाठी नोटो सॅन्स कन्नड हे मोफत मिळतात.

आकाराबाबत एक खाच आहे. ‘14 पॉइंट’ एवढेच लिहून भागत नाही. एकाच पॉइंटमध्ये दोन देवनागरी फॉन्टची अक्षरे लहान-मोठी दिसतात, आणि रोमन अक्षरांच्या मानाने देवनागरी बारीक वाटते. शाळेत पेपर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत असेल तर आणखी एक घोटाळा होतो: दुसरा फॉन्ट लावताच सगळा मजकूर अगम्य खुणांमध्ये बदलतो. शिक्षकांनी ‘जमत नाही’ म्हटले तर त्यामागे अनिच्छाच असते असे नाही. अनेकदा एवढेच कारण असते. त्यावर सोपा मार्ग आहे. ए-फोर कागदावरचा तयार पेपर झेरॉक्सवर ए-थ्रीवर मोठा करून घ्यायचा. सगळे 141 टक्के होते, म्हणजे 12 पॉइंटचे अक्षर सुमारे 17 पॉइंटचे, आणि ओळींमधली जागाही त्याच प्रमाणात वाढते. पेपर शाळेबाहेर छापून येतो तेव्हाही हा मार्ग खुला राहतो.

अर्जाआधी घरीच एक चाचणी घ्यावी. मागच्या वर्षीच्या पुस्तकातले सारख्या अवघडपणाचे दोन उतारे घ्यायचे. एक नेहमीच्या छपाईत, दुसरा मोकळ्या मांडणीत. मुलीने ते मोठ्याने वाचावेत, आणि वडिलांनी लागलेला वेळ, चुकलेले शब्द व सुटलेल्या ओळी यांची नोंद ठेवावी. दुसऱ्या दिवशी दोन नवे उतारे घेऊन क्रम उलटा करावा, नाहीतर थकव्याचा किंवा सरावाचा परिणाम छपाईच्या खात्यावर जमा होतो. फरक दिसला तर ती दोन्ही पाने अर्जाला जोडावीत. नाही दिसला, तर या मुलीची गरज वेगळी आहे हे आधीच कळते, आणि अर्जात छपाईऐवजी प्रश्न वाचून दाखवण्यावर भर देता येतो.

मग अर्ज साधारण असा होतो:

‘मा. मुख्याध्यापक यांस. विषय: परीक्षेच्या पेपरांच्या मांडणीत बदल मिळणेबाबत. माझी मुलगी आपल्या शाळेत पाचवीत शिकते. तिला डिस्लेक्सिया असल्याचे तपासणीत आढळले आहे. अहवालाची प्रत जोडली आहे. कृपया येत्या चाचणीपासून तिचे सर्व विषयांचे पेपर सोबतच्या नमुन्याप्रमाणे मोठ्या अक्षरात, दीडपट ओळ-अंतराने, कागदाच्या एकाच बाजूला छापून मिळावेत. वेगळी छपाई शक्य नसेल तर ए-थ्री झेरॉक्स द्यावी. त्याचा खर्च मी देईन. भाषेचे वाचन ज्या प्रश्नात तपासायचे नाही, तो प्रश्न शिक्षकांनी एकदा वाचून दाखवावा आणि जादा वेळ द्यावा. प्रश्न व गुण इतर मुलांप्रमाणेच असावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधील कलम 16 व 17 नुसार ही विनंती आहे.’

खर्चाचे वाक्य कायद्याने आवश्यक नाही. छोट्या शाळेत अर्ज पुढे सरकावा म्हणून ते आहे, आणि पालकांना परवडत नसेल तर ते बेलाशक गाळावे. गुणांबद्दलचे वाक्य मात्र ठेवावेच. ‘एकाला सवलत दिली तर बाकीच्यांवर अन्याय’ ही शंका स्टाफरूममध्ये हमखास निघते, आणि तिला त्या वाक्यातच उत्तर मिळते.

कायद्याचा आधार खरा आहे, पण तो नेमका समजून घ्यावा. या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता 21 दिव्यांगत्वांत धरली आहे. कलम 16 शाळेवर वाजवी सोयी पुरवण्याची आणि अशी अक्षमता लवकर ओळखण्याची जबाबदारी टाकते. कलम 17 परीक्षा पद्धतीत योग्य बदल करायला सांगते आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे देते. फॉन्टचा उल्लेख त्यात कुठेच नाही. त्यामुळे ‘कायद्याने हा फॉन्ट द्यावाच लागेल’ असे लिहिणे चूक. मोठी, मोकळी छपाई वाजवी सोय म्हणून मागणे बरोबर.

‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तरही ऐकू येते. 2018 च्या केंद्रीय नियमांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आतल्या मुलाला मिळत नव्हते. म्हणजे प्रमाणपत्राची वाट पाहायची तर दुसरी-तिसरीतल्या मुलाने तोवर काहीच मागायचे नाही, असा अर्थ झाला असता. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांच्या दिव्यांगत्वाला बांधलेला नाही, असे स्पष्ट केले. तो खटला लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराच्या लेखनिकाचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडते. वर्गातल्या चाचणीचा पेपर मोठ्या अक्षरात द्यायला मुख्याध्यापकांना वरून कोणाची परवानगी लागू नये.

तपासणी मुलीला येत असलेल्या भाषेत व्हावी, हा मुद्दा सीमाभागात विशेष महत्त्वाचा. घरी मराठी बोलणारी मुलगी कन्नड किंवा इंग्रजी उताऱ्यावर अडखळली तर तो डिस्लेक्सिया की भाषेचा अपुरा सराव, हे सांगता येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. ती मराठीत घ्यावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

अर्ज शाळेला मराठीत चालेल, पण बसवकल्याणच्या क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रत जाणार असेल तर ती कन्नडमध्ये असलेली बरी. कचेरीचे काम त्याच भाषेत चालते. तालुक्याला समावेशक शिक्षणासाठी नेमलेले साधन शिक्षक असतात, कचेरीत त्यांना ‘बीआयईआरटी’ म्हणतात. त्यांना आधी भेटले तर नमुना पान कसे असावे हे शिक्षकांना समजावणारा माणूस मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन पोच ठेवावी. पहिली आकारिक चाचणी, म्हणजे एफए-वन, होण्याआधी निदान काही आठवडे अर्ज गेलेला असावा. पेपर टाइप झाल्यावर तो पोचला तर झेरॉक्सशिवाय काही उरत नाही.

दहावीला चित्र बदलते. एसएसएलसीचा पेपर कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यमापन मंडळ छापते. एका मुलीसाठी त्याची मांडणी बदलणे मुख्याध्यापकांच्या हातात नसते. तिथे जादा वेळ आणि लेखनिक यांवरच भर द्यावा लागतो, आणि त्यासाठी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्राची खटपट म्हणून आठवीतच सुरू करावी. आणि परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरला जाताना सवलतीचा रकाना भरला आहे ना, हे पालकांनी स्वतः समोर बसून पाहावे.