थकण्यापूर्वीची विश्रांती

सांगलीतील एका पतसंस्थेत हिशेब विभाग सांभाळणाऱ्या ४१ वर्षांच्या एका भगिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले, तेव्हा घरच्यांना धास्ती वाटली ती त्यांच्या चालण्याची. प्रत्यक्षात नोकरी धोक्यात आणली ती थकव्याने. सोमवारी त्या उत्साहाने संध्याकाळी सातपर्यंत बसत, मंगळवार कसाबसा ढकलत आणि बुधवारी रजा टाकत. ‘सोमवारी तर ठणठणीत होत्या,’ अशी कुजबुज कार्यालयात सुरू झाली होती.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण विरळ झालेल्या तंतूंतून संदेश सावकाश, कधी अडखळत जातो आणि नेहमीच्याच कामासाठी मेंदूला अधिक श्रम पडतात. शरीर तापले की हे वहन आणखी मंदावते. व्यायामानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. हा थकवा म्हणजे आळस नव्हे. रात्रभर झोपूनही तो पुरता जाईलच असे नाही.

डॉक्टरांनी आधी थकव्याची इतर कारणे तपासली: रात्री लघवीसाठी मोडणारी झोप, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शाकाहारात कमी पडू शकणारे बी-१२, मनाची उदासी आणि चालू औषधे. ही तपासणी वगळून वेळापत्रक आखण्यात अर्थ नसतो. त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्यांना एक वही दिली. दोन आठवडे, जागेपणी दर दोन तासांनी, काय केले आणि शक्ती शून्य ते दहापैकी किती उरली, एवढेच त्यात लिहायचे होते.

वहीने जे दाखवले ते त्यांच्या समजुतीपेक्षा वेगळे निघाले. सकाळी बँक ताळमेळाचे काम सुमारे ७५ मिनिटे बिनचूक होई. पुढे आकडे उलटसुलट पडू लागत. थकवा मात्र त्यांना जाणवे तो आणखी तासाभराने. म्हणजे थकल्याची जाणीव होईपर्यंत थांबणे हीच चूक होती. चुका, जड होणारा पाय, शब्द न आठवणे या खुणा त्याच्या आधी येत होत्या.

मग सर्वांत चांगल्या दिवसाचा नव्हे, सर्वसाधारण दिवसाचा आकडा प्रमाण धरला आणि त्यालाही थोडी कात्री लावली. ५० मिनिटे काम, १० मिनिटे विश्रांती. विश्रांती म्हणजे डोळे मिटून, पाठ टेकून बसणे. मोबाइल पाहणे त्यात धरले नाही, कारण मेंदूच्या हिशेबात तेही कामच.

आठवडाही नव्याने मांडला. ताळमेळ आणि कर्जखात्यांची छाननी सोमवार, मंगळवार व गुरुवार सकाळी साडेअकराच्या आत. दुपारी फाइली लावणे आणि फोन. बुधवारी घरून काम, म्हणजे जाण्यायेण्याचा व जिन्याचा खर्च वाचतो. शुक्रवारी मुद्दाम सैल जागा ठेवली, कारण महिनाअखेर कुठेतरी सांडतेच. शनिवारी अर्धा दिवस कार्यालय, त्यामुळे घरातील जड काम रविवारी सकाळी आणि तेही एकच.

संध्याकाळचा प्रश्न अधिक नाजूक होता. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर त्या साडेपाचला घरी पोहोचून थेट शेगडीसमोर उभ्या राहत. दिवसाची सर्वांत रिकामी वेळ, वर उष्णता. आता भाजी सकाळी चिरून ठेवली जाते, कणीक सासूबाई मळतात, पोळ्या मुलगा व पती मिळून करतात. (पहिल्या आठवड्यातील पोळ्यांविषयी न बोललेले बरे.) त्या पंख्याखाली मानेवर ओला पंचा ठेवून पंधरा मिनिटे पडतात. कढत पाण्याची आंघोळही कोमट झाली.

योजना बिघडली ती वाईट दिवशी नव्हे, चांगल्या दिवशी. लेखापरीक्षणाच्या आठवड्यात एका गुरुवारी अंगात बळ वाटले म्हणून त्या सलग चार तास बसल्या. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही हातचे गेले. त्यानंतर वाढीचा नियम ठरला: दोन आठवडे आकडे स्थिर राहिले, तरच कामाचा टप्पा पाच मिनिटांनी वाढवायचा. ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर ते वेळापत्रकावर न टाकता डॉक्टरांना कळवायचे, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या आजाराचा नावाने समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांनी अशा कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देणे बंधनकारक आहे. पतसंस्था त्यात मोडत नव्हती. म्हणून त्यांनी व्यवस्थापकांपुढे वही ठेवली आणि कामाचे तास कमी न करता केवळ त्यांची मांडणी बदलण्याची विनंती केली. बुधवारच्या रजांचा रकाना पाहून व्यवस्थापकांनी तीन महिन्यांसाठी होकार दिला. त्या तीन महिन्यांत बुधवारची एकच रजा पडली, तीही डॉक्टरांकडील तपासणीसाठी.