खाती किती उघडली, त्यापेक्षा ती कुठे ठेवली

नवे दुकान सुरू झाले, संगणकावर टॅली बसवली, की पहिल्याच आठवड्यात खात्यांची यादी तयार करायची वेळ येते. तिलाच सॉफ्टवेअरवाले चार्ट ऑफ अकाउंट्स म्हणतात. या यादीबद्दल दुकानदारांत दोन टोकाचे समज दिसतात. काहींना वाटते, सॉफ्टवेअरने सगळे आधीच करून ठेवले आहे, आपण फक्त बिले चढवायची. काहींना वाटते, जितकी जास्त खाती तितका हिशेब बारीक. दोन्ही समज खात्यांच्या संख्येभोवती फिरतात. हिशेब खरा निघतो की खोटा, हे मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर ठरते: प्रत्येक खाते कोणत्या गटाखाली ठेवले, यावर. म्हणून इथे सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या मोठ्या गावातले कृषी सेवा केंद्र समोर ठेवू. सोयाबीन आणि कपाशीच्या या पट्ट्यात बियाणे, खते आणि कीटकनाशके विकणाऱ्या दुकानाइतकी गटांची कसोटी पाहणारे दुकान दुसरे नाही. खालचे आकडे समजावून सांगण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष दुकानाचे नाहीत.

आधी सॉफ्टवेअर काय देते ते पाहू. टॅलीत नवी कंपनी उघडली की 28 गट तयार मिळतात, 15 मुख्य आणि 13 उपगट. खाती मात्र दोनच मिळतात, रोख आणि नफा-तोटा. बाकीची सगळी आपण उघडायची आणि उघडताना प्रत्येकाचा गट सांगायचा. तो एक रकाना भरताना दुकानदार नकळत ठरवून टाकतो, की ही रक्कम नफा-तोटा पत्रकात जाऊन वर्षाअखेर संपणार, की ताळेबंदात बसून पुढच्या वर्षी चालत राहणार. सॉफ्टवेअर हा निर्णय घेत नाही आणि चुकला तर ओरडतही नाही. ‘दुकान डिपॉझिट’ हे खाते Deposits (Asset) ऐवजी Indirect Expenses खाली टाकले, तरी ते निमूट स्वीकारते.

इथेच सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज येतो: ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब बरोबर. नावे आणि जमा यांची बेरीज जुळणे एवढेच ताळेबंद सांगतो. आपल्या दुकानाचे पहिले वर्ष घ्या. विक्री 45 लाख, ढोबळ नफा 4,20,000. भाडे 72,000, मदतनिसाचा पगार 96,000, वीज आणि इंटरनेट 24,000, बँकेच्या कर्जाचे व्याज 18,000 आणि फर्निचरवरचा घसारा 15,000, असा खर्च 2,25,000. निव्वळ नफा उरला 1,95,000. याखेरीज मालकाने चार गोष्टींवर पैसे दिले: जागेचे डिपॉझिट 50,000, रॅक आणि काउंटर 1,50,000, घरखर्चाला महिन्याला 15,000 प्रमाणे 1,80,000 आणि दोन लाखांच्या कर्जाच्या मुद्दलापोटी 60,000. पैसा खिशातून गेला म्हणजे खर्च, या समजुतीने ही चारही खाती खर्चाच्या गटात उघडली, तर काय होते? घसारा लागत नाही, पण 4,40,000 नफ्यातून वजा होतात आणि पडद्यावर 2,30,000 रुपयांचा तोटा दिसतो. गल्ल्यातली रोख दोन्ही हिशेबांत तंतोतंत सारखी, बँकेची शिल्लक सारखी, ताळेबंदही दोन्हीकडे जुळलेला. फरक फक्त गटांचा, आणि तो सव्वाचार लाखांचा.

ही चूक ओळखता येते. मुद्दल खर्चात गेलेले असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये कर्ज वर्षाअखेरही दोन लाखच दिसेल, बँकेच्या उताऱ्यावर मात्र ते 1,40,000 असेल. हप्ता भरताना त्याचे दोन भाग करावे लागतात: मुद्दल कर्जखात्याला, व्याज खर्चाला. फर्निचर आणि डिपॉझिट ताळेबंदातून गायबच झालेले असतील. घरखर्चाची चूक मात्र लबाड आहे. उचल म्हणून Capital Account खाली दाखवा की खर्च म्हणून, वर्षाअखेरचे भांडवल दोन्ही वाटांनी तेवढेच उरते, त्यामुळे ताळेबंद पाहून ती कधीच सापडत नाही. खोटा पडतो तो नफा, आणि दुकान चालते की नाही हे तर आपण नफ्यावरूनच ठरवतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: वर्षाअखेर सीए सगळे सरळ करतातच, मग दुकानदाराने डोके का शिणवायचे? सीए डिपॉझिट आणि कर्ज नक्की दुरुस्त करतील, कारण त्यांचे कागद असतात. पण ऑगस्टमध्ये गल्ल्यातून काढलेले आठशे रुपये हमालीचे होते की घरच्या किराण्याचे, हे एप्रिलमध्ये त्यांना कोण सांगणार? ते कळण्याची जागा एकच, नोंद करतानाची. ‘किरकोळ खर्च’ नावाचे खाते फुगत चालले, की समजावे हा निर्णय रोज पुढे ढकलला जातो आहे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला आयकरात अनुमानित नफा दाखवण्याची सोय आहे: रोखीच्या विक्रीवर आठ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा. मग खऱ्या नफ्याचा एवढा घोर कशाला? आपल्याच उदाहरणात सगळी विक्री रोखीची धरली, तर हा अनुमानित नफा 3,60,000 होतो आणि खरा आहे 1,95,000. ही सोय घ्यावी की नाही, हे खरा आकडा हातात असल्याशिवाय ठरवता येत नाही. शिवाय आयकराने हिशेबाची सक्ती सोडली, म्हणून जीएसटीने सोडलेली नाही. वस्तू विकणाऱ्याची एकूण उलाढाल 40 लाखांच्या वर गेली, की नोंदणी लागते, आणि या उलाढालीत करमाफ बियाणेही धरले जाते. नोंदणी आली की हिशेबाची पुस्तकेही आली.

जीएसटीबाबतचा गैरसमज असा, की बिलाची पूर्ण रक्कम म्हणजे विक्री. एक कीटकनाशक 1,000 रुपये अधिक 18 टक्के कराने घेतले आणि 1,200 अधिक कराने विकले. खरेदी 1,180 आणि विक्री 1,416 लिहिली, तर नफा 236 दिसतो. त्यातले 36 रुपये सरकारचे आहेत, ते Duties & Taxes खाली वेगळे बसायला हवेत. नफा 200 चाच. या खात्यांची शिल्लक दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तर चूक महिनाभरातच उघडी पडते. मात्र हाच नियम कंपोझिशन योजना घेतलेल्या दुकानाला लावला, तर उलटी चूक होते. त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्याची खरेदी खरोखरच 1,180 ची आहे, आणि करपात्र उलाढालीवर भरायचा एक टक्का हा त्याचा स्वतःचा खर्च आहे. म्हणजे शेजारच्या दुकानाची खातेयादी पेनड्राइव्हवर आणून जशीच्या तशी वापरणे धोक्याचे, मग दोघांचा माल एकच का असेना.

आता ‘जास्त खाती म्हणजे जास्त माहिती’ या समजाकडे येऊ. सोयाबीनच्या प्रत्येक वाणाचे, खताच्या प्रत्येक ग्रेडचे वेगळे विक्रीखाते उघडणारे दुकानदार आहेत. जेएस 335 च्या किती पिशव्या गेल्या, हे सांगणे मालाच्या यादीचे काम. ती सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असते आणि नगासह हिशेब ठेवते. विक्रीची खाती तिथेच तोडावीत, जिथे कायदा किंवा नफ्याचा प्रश्न तोडायला सांगतो. या दुकानात अशा तीन जागा आहेत: पेरणीचे बियाणे करमाफ, रासायनिक खते पाच टक्के, रासायनिक कीटकनाशके अठरा टक्के. बियाण्याचे खाते वेगळे असण्याला आणखी एक कारण आहे. करमाफ आणि करपात्र माल एकाच छपराखाली विकला जातो, तेव्हा सामाईक खर्चांवर भरलेल्या कराची वजावट पूर्ण घेता येत नाही, करमाफ विक्रीच्या प्रमाणात सोडावी लागते. ते प्रमाण काढायला हा आकडा लागतोच. तीन खरेदी, तीन विक्री, कराची चार-सहा, खर्चाची आठ-दहा, बाकी मालमत्ता, कर्ज आणि भांडवल. पार्ट्या सोडल्या तर पंचवीस-तीस खात्यांत हे दुकान आरामात बसते.

खर्चांतही एक जागा तोडण्यासारखी आहे, ती म्हणजे माल आणण्याचे भाडे आणि हमाली. ती Direct Expenses खाली ठेवली, तरच ढोबळ नफ्यातून वजा होते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत सरकारने बांधलेली आहे, दुकानदाराला ती वाढवता येत नाही. अशा मालात भाडे-हमालीनंतर हाताला काय उरते, हाच खरा प्रश्न असतो. हा खर्च दुकानभाडे आणि चहापाण्याच्या पंगतीला Indirect Expenses मध्ये बसवला, तर ढोबळ नफा फुगलेला दिसतो आणि खताचा धंदा आहे त्याहून बरा वाटू लागतो.

उधारीची गोष्ट मात्र उलटी. तिथे खाती वाचवणारा फसतो. जूनमध्ये नेलेल्या बियाण्याचे पैसे सोयाबीन विकल्यावर, म्हणजे बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात. ‘उधारी’ या एकाच खात्यात सगळे लिहिले, तर एकूण येणे कळते, कोणाकडून किती ते वहीतच राहते. प्रत्येक शेतकऱ्याचे खाते Sundry Debtors खाली हवे, आणि त्यात गावागावाचे उपगट: शेंदुर्जन, मलकापूर पांग्रा, असे. वसुलीला निघताना त्या एका गावाची यादी काढता येते. खाते उघडताना बिलवार शिल्लक ठेवण्याचा पर्याय चालू केला, तर कोणते बिल किती दिवसांचे थकले तेही दिसते. इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच माणसाची दोन खाती, एक आडनाव आधी लिहून, दुसरे नाव आधी लिहून. मग पहिल्या खात्यात येणे आणि दुसऱ्यात जमा शिल्लक दिसते, आणि पैसे देऊन गेलेल्या माणसाला पुन्हा फोन जातो. उधारीच्या यादीत जमा शिल्लक दिसली, की ती खरोखरची आगाऊ रक्कम आहे की दुसऱ्या नावाने घेतलेली वसुली, हे आधी तपासावे. गावात नावे सारखी असतात, म्हणून नावाबरोबर वडिलांचे नाव आणि गाव लिहिण्याची एकच पद्धत पहिल्या दिवसापासून पाळलेली बरी.

शेवटचा समज भीतीचा आहे: एकदा यादी केली की ती दगडावर कोरली गेली. तसे नाही. टॅलीत खात्याचा गट केव्हाही बदलता येतो आणि जुन्या नोंदी आपोआप नव्या गटात जातात. डिपॉझिट चुकून खर्चात गेले असेल, तर एका बदलात ते जागेवर येते. पण याच सोईला एक काटा आहे. त्याच कंपनीत मागच्या वर्षांच्या नोंदी असतील, तर त्या वर्षांची पत्रकेही बदलतात आणि विवरणपत्रात भरलेल्या आकड्यांशी जुळेनाशी होतात. म्हणून वर्ष बंद झाल्यावर गट बदलण्याआधी डेटाचा बॅकअप आणि जुन्या ताळेबंदाची छापील प्रत काढून ठेवावी. शिवाय गट बदलून अख्खे खाते हलते, त्याचे दोन तुकडे होत नाहीत. मुद्दल आणि व्याज वर्षभर एकाच खात्यात गेले असतील, तर बाराही हप्ते एकेक उघडून, बँकेचा उतारा शेजारी ठेवून हाताने तोडावे लागतात.