स्थिर चित्रावरील मुलाखत : शीर्षक व विषयसूची कशी लिहावी?

पॉडकास्टची ध्वनिमुद्रित मुलाखत अनेकदा एकाच स्थिर चित्रासह यूट्यूबवर चढवली जाते. चित्र बदलत नसल्याने खालची पट्टी सरकवून हवा तो भाग नजरेने शोधता येत नाही. ते काम शीर्षक व विषयसूचीनेच करावे लागते.

समजा, कपाशीवरील गुलाबी बोंडअळीबाबत कीटकशास्त्रज्ञांची २५ मिनिटांची मुलाखत आहे. ‘भाग १२ : तज्ज्ञांशी गप्पा’ या शीर्षकावरून शेतकऱ्यास काहीच बोध होत नाही. त्याऐवजी ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी : कामगंध सापळे केव्हा लावावेत?’ असे लिहावे. शीर्षकास १०० अक्षरांची मर्यादा असून मोबाईलवर लांब शीर्षकाचा शेवट दिसत नाही. म्हणून पीक व कीड आधी आणि भाग क्रमांक शेवटी घ्यावा. पाहुण्यांचे पूर्ण नाव, हुद्दा व संस्था वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्यावी. त्याखाली सूची अशी लिहावी :

```
00:00 पाहुण्यांची ओळख
02:10 अळीची ओळख
09:45 कामगंध सापळे
18:30 शेतकऱ्यांचे प्रश्न
```

पहिली नोंद 00:00 चीच असावी. किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने असाव्यात व प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा. अन्यथा पट्टीवर भाग पडत नाहीत. सुरुवातीचे संगीत मागाहून जोडल्यास पुढील सर्व वेळा चुकतात. यास्तव सूची अंतिम ध्वनिफितीवरूनच तयार करावी आणि मुलाखत चढवल्यावर प्रत्येक वेळ दाबून, योग्य विषय सुरू होतो की नाही, हे ऐकून पाहावे.