बाजाराचं गणित : तोट्यातली खाण कधी थांबवायची?

गेल्या आठवड्यात आपण सीमांत खर्च, म्हणजे आणखी एका नगाला लागणारा वाढीव खर्च पाहिला. आज तो घेऊन डिचोलीच्या लोहखनिजाकडे जाऊ. तिथला खनिजवाला भाव ठरवत नाही. ट्रकने जेटीवर, बार्जने मांडवीतून मुरगावला आणि पुढे जहाजाने जाणाऱ्या मालाचा भाव परदेशी बाजारात ठरतो. 62 टक्के लोहाच्या खनिजाचा भाव 2011च्या सुरुवातीला टनाला 180 डॉलरच्या वर होता, तो डिसेंबर 2015 मध्ये 40 डॉलरच्या खाली आला. गोव्याचा बराचसा माल 58 टक्क्यांहून कमी लोहाचा असल्याने त्याला त्याहूनही कमी मिळतं. 2012 आणि 2018 मध्ये खाणी थांबल्या त्या सरकारी व न्यायालयीन आदेशांनी. आपण पाहतोय ते भावामुळे थांबणं.

समजा, एका खाणीचा महिन्याचा खर्च असा आहे:

C = q³ − 6q² + 15q + 32

q दहा हजार टनांत आणि खर्च दहा लाख रुपयांत मोजू. म्हणजे सरासरीचा आकडा शंभर रुपये प्रतिटनात येतो. आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतले आहेत. 32 म्हणजे 3 कोटी 20 लाख हा स्थिर खर्च: कर्जाचे हप्ते, ठरलेली भाडी. माल काढा वा न काढा, तो भरावाच लागतो. उरलेला बदलता खर्च: डिझेल, मजुरी, वाहतूक.

सरासरी बदलता खर्च q² − 6q + 15. तो q = 3 ला सर्वांत कमी, 6 होतो; म्हणजे 30,000 टनांवर टनामागे 600 रुपये. सीमांत खर्च 3q² − 12q + 15. तोही तिथे 6 च आहे. खड्डा खोल जातो, वरची माती जास्त काढावी लागते, पाणी उपसावं लागतं, म्हणून पुढे तो चढतो.

आता भाव 975 रुपये आहे असं धरू. सीमांत खर्च भावाइतका होतो तो q = 3.5 ला, म्हणजे 35,000 टनांवर. (समीकरण q = 0.5 हेही उत्तर देतं, पण तिथे सीमांत खर्च उतरता आहे. तिथे थांबणं आसपासच्या कुठल्याही उत्पादनापेक्षा तोट्याचं. ही चूक परीक्षेत फार होते.) विक्री 341.25 लाख, बदलता खर्च 218.75 लाख. हातात 122.5 लाख उरतात, ते स्थिर खर्चात जातात आणि तोटा 197.5 लाखांचा होतो. खाण बंद ठेवली तर तोटा पूर्ण 320 लाखांचा. म्हणून तोटा सोसूनही खाण चालू ठेवणं शहाणपणाचं.

भाव 375 झाला तर? q = 2.5 वर विक्री 93.75 लाख आणि बदलता खर्च 156.25 लाख. माल काढल्याने 62.5 लाखांचा जादा तोटा. मग थांबलेलंच बरं. सीमा 600 रुपयांची: तोच बंद-बिंदू. त्याच्या वरचा सीमांत खर्चाचा भाग हाच खाणीचा अल्पकालीन पुरवठा वक्र. भावावर टक्केवारीने रॉयल्टी लागली तर बाजारभावाची ही सीमा वर सरकते. 15 टक्क्यांना ती सुमारे 706 रुपये होते.

मात्र 'स्थिर' खर्चातला किती भाग बंद केल्यावर खरंच वाचतो, हे नीट विचारायला हवं. 320 लाखांपैकी यंत्रभाड्याचे 122.5 लाख वाचणार असतील, तर वरच्या उदाहरणात हातात उरलेले 122.5 लाख नेमके तेवढेच. म्हणजे बंद-बिंदू 600 नसून 975! उलट, पावसाळ्यात खड्डा भरू नये म्हणून बंद खाणीतही पंप चालवावे लागले, तर तो खर्च वाचतच नाही.

दीर्घकाळात हप्ते फिटतात, करार संपतात आणि 32 सुद्धा टाळता येतात. तेव्हा सरासरी एकूण खर्च, q² − 6q + 15 + 32/q, महत्त्वाचा. तो q = 4 ला सर्वांत कमी: 16 − 24 + 15 + 8 = 15. म्हणजे 1,500 रुपयांच्या खाली दीर्घकालीन पुरवठा शून्य. 1,500 ला 40,000 टन, 3,000 ला 50,000 टन. यंत्रसामग्रीचा आकार हाच एक उपलब्ध आहे असं इथे धरलं आहे. आकार बदलता आला तर वक्र आणखी आडवा होईल.

हा झाला एका खाणीचा वक्र. सारख्याच खर्चाचे नवे लोक मोकळेपणी येऊ शकले, तर अख्ख्या धंद्याचा दीर्घकालीन पुरवठा 1,500 वर आडवा होतो. पेडण्यात हरमल-मोरजीकडे खोल्या भाड्याने देण्याच्या धंद्यात तसं काहीसं घडू शकतं: दर चढले की आणखी घरं खोल्या काढतात, पावसाळ्यात दर बदलत्या खर्चाखाली गेले की कुलूप. खाणीत मात्र लीजशिवाय पाऊल टाकता येत नाही. 2015 च्या कायदेबदलापासून ती लिलावाने मिळते. म्हणून भाव 1,500 च्या वर वर्षानुवर्षं टिकू शकतो आणि वरचा पैसा नफा नसून खनिजाचं मोल ठरतं. ते मोल कुणाकडे जावं, हा पुढच्या भागाचा विषय.